दोनशे सात दोनदा

"अबे थांबव ते डबडं! दोनशे सात मघाशीच निघाला ना बे! एका मानसाले किती तळे देऊन राहिले तुमी?"

ओरडणारा तिसऱ्या रांगेत खुर्चीवर चढून उभा होता. खुर्ची सभागृहाची, म्हणजे तीन पायांची. चौथा पाय कुठल्याशा निवडणुकीत कामी आला होता. तरी तो गडी हलत नव्हता. त्याचं बोट भिंतीवरच्या पडद्याकडे होतं आणि पडद्यावर माझ्या कॉम्प्युटरने काढलेला आकडा ढळढळीत उभा होता : २०७.

अमरावतीजवळच्या भातकुलीचं ते सभागृह दोनशे माणसांचं. त्या दिवशी त्यात किती होती, हे मी सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून एवढंच सांगतो की भिंतीवरच्या पालींना उतरायला जागा नव्हती. मार्च संपत आला होता. पंखे फिरत होते, पण त्यातून येणारा वारा कोणाच्या तरी चुलीवरून आल्यासारखा. आणि या सगळ्या गर्दीच्या मधोमध, टेबलावर, अकोल्याहून मांडीवर घेऊन आणलेला माझा कॉम्प्युटर, आणि त्याच्यामागे मी.

सोडत शेततळ्यांची होती. अर्ज चारशे बारा, तळी चाळीस. हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. इथं जमिनीत कितीही खोल जा, पाणी लागतं ते खारं. बोअरच्या पाण्यात वरण शिजवलं तर मीठ टाकायचं नसतं, उलट काढून घ्यायचं असतं, असं आमच्याकडे म्हणतात, आणि ते मी वाढवून सांगत नाही, फार तर चिमूटभर. पिकाला गोडं पाणी एकच, पावसाचं. ते खड्ड्यात साठवायचं, खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे जमिनीचा खार त्यात उतरत नाही. खड्डा आणि कागद सरकारचा. म्हणून चारशे बारा माणसं.

आधी हंड्यात चिठ्ठ्या टाकून सोडत व्हायची. मागच्या वर्षी एका चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला सापडला आणि हंडा कोणाच्या तरी डोक्यावर फुटला. त्यावर कृषी खात्याच्या साहेबांनी ठरवलं की औंदा कॉम्प्युटर. अकोल्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. पायथन नावाच्या भाषेत मी बरंच काही करू शकतो, असं मी साहेबांना सांगितलं होतं. साहेबांना मी हेही सांगितलं होतं की रेल्वेचं एक वेळापत्रक माझ्या हातचं आहे. ते साफ खोटं होतं, पण गाडी नेहमी उशिरा येते म्हणून त्यांना ते पटलं.

त्या सकाळी बडनेऱ्याला उतरून काळीपिवळी जीपमध्ये बसलो, तर शेजारी एक चाचा. पांढरी दाढी, गुडघ्यावर प्लास्टिकची पिशवी. ते माझ्या मांडीवरच्या खोक्याकडे बघून म्हणाले, "हेच का जी सोडतीचं मशीन?"

"हेच."

"इसमें अपना नंबर है?"

"सगळ्यांचा आहे चाचा. तुमचा कोणता?"

"अठ्ठ्यान्नव." मग त्यांनी पिशवीतून एक लिंबाचं पान काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. पानाची कड तपकिरी, कुरकुरीत, जशी कोणी काडीने हळूच जाळत नेलेली. "तीनशे झाडं हायेत मास्तर. अडीच वर्साची. सारा गाव म्हनत होता, या मातीत लिंबू होत नाही. होते! गोडं पानी दिलं का होते. दोन उन्हाळे बैलगाडीवर ड्रम ठेवून नळाचं पानी नेलं. पह्यले नळ दोन दिवसाआड होता, आता आठव्या दिवशी येते. घरवालीची कंबर गेली. हा उन्हाळा कसातरी काढू आमी. पुढचा नाही निघत."

"निघेल तुमचा नंबर," मी म्हणालो. मी सगळ्यांनाच असं म्हणतो. "माझं मशीन माणूस ओळखतं."

चाचा हसले. "मशीननं मानूस वळखू नोये मास्तर. त्याच्यासाठीच तर आनलं ना?"

मी ते पान शर्टाच्या खिशात ठेवलं.

तर सभागृहात. मी एक बटण दाबायचो, पडद्यावर एक नंबर यायचा, कार्यालयातला कारकून तो मोठ्यांदा वाचायचा आणि वहीत लिहायचा. सुरुवातीला दहा नंबर निघाले, टाळ्या पडल्या. अकरावा निघाला अठ्ठ्याण्णव.

चाचा मागच्या बाजूला बसले होते. ते उठले, दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि बाहेर गेले. शेजारच्याने मला ओरडून सांगितलं, "चाचा जिलबी आनाले गेले!" मी मनातल्या मनात स्वतःला सलाम ठोकला, जणू तो नंबर मीच काढला होता.

मग छत्तिसाव्या वेळी २०७ आला आणि खुर्चीवरचा गडी ओरडला. त्यात आणखी भर अशी, की दोनशे सात नंबर होता उपसरपंचाच्या साळ्याचा.

"साळ्याले दोन दोन तळे!" मागून कोणीतरी. "एक आंघोळीले, एक धुवाले!"

"वही पाहा, वही!"

कारकुनाने ओळीओळीवर बोट फिरवत वही तपासली. छपन्न नंबरही दोनदा आला होता, आठवा आणि सव्विसावा. तो कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण छपन्नचा माणूस कोणाचाच साळा नव्हता.

साहेब माझ्याकडे वळले. भला माणूस होता, पण घाबरट. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "हे काय आहे?"

काय होतं ते मला त्या क्षणी, त्या पडद्यासमोर, लख्ख कळलं होतं. मी पायथनमधली 'चॉइस' ही आज्ञा वापरली होती. चॉइस म्हणजे यादीतून एक नाव उचलणं. पण उचलणं म्हणजे नुसतं नाव वाचणं. चिठ्ठी हंड्यातच राहते. पुढच्या वेळी बटण दाबलं की पुन्हा चारशे बारापैकी एक, आधी निघालेल्यांसकट. हंड्यात हात घालून चिठ्ठी वाचायची, परत टाकायची, हंडा हलवायचा आणि पुन्हा हात घालायचा, असा तो प्रकार. पाचवीतलं पोरगंही म्हणेल, अहो, काढलेली चिठ्ठी बाजूला ठेवा ना. मी ती बाजूला ठेवली नव्हती.

घरी तपासलं नव्हतं असं नाही. तपासलं होतं, पण पाच नंबर काढून. पाच काढले तर दोन सारखे येण्याची शक्यता शंभरात दोन-अडीच. मी वीस वेळा पाच पाच काढले, सगळे वेगळे आले, आणि बायकोला म्हणालो, बघ, कसं चोख. पण चाळीस काढायचे तर प्रत्येक नवा नंबर आधीच्या सगळ्यांशी टक्कर घेत येतो. तेव्हा कुठेतरी दोन सारखे येण्याची शक्यता शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास जाते. हा हिशोब मी नंतर मांडला. आधी मांडला असता तर हा मजकूर लिहायचं कारण नव्हतं.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे. चूक होती, पण निघालेले नंबर खोटे नव्हते. प्रत्येक वेळी मशीनने प्रामाणिकपणे उचललं होतं, कोणाचीही बाजू न घेता. दुसऱ्यांदा आलेला नंबर सोडून द्यायचा आणि पुढे काढत राहायचं. तीही चोख सोडतच झाली असती. छत्तिसातून दोन दुबार वजा केले की चौतीस शेतकरी राहतात. त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या तीनशे अठ्ठ्याहत्तरांतून सहा काढायचे. दोन मिनिटांचं काम. फक्त आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं : साहेब, चूक माझी आहे.

खुर्चीवरचा गडी आता टेबलाकडे येत होता. त्याच्यामागे आणखी वीसेक.

"साहेब," मी म्हणालो, आणि माझी जीभ, जी जन्मापासून माझं ऐकत नाही, ती सुटली, "मशीन तापलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे उष्णता. हे यंत्र थंड प्रदेशातलं. पारा चाळिसावर गेला की त्याची स्मृती पातळ होते. मग ते मागचंच बोलायला लागतं. म्हाताऱ्या माणसासारखं."

मी तो डबा चापटून दाखवला. गरम होताच, त्या हॉलमध्ये काय गरम नव्हतं! पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात लावून पाहिला आणि गर्दीकडे वळून शपथेवर सांगितलं, "तापलं भाऊ! तव्यावानी!" वीस माणसं जागच्या जागी थांबली. ऊन हे कारण वऱ्हाडात कोणीही नाकारत नाही. शिपायाने कुठूनतरी ओलं गोणपाट आणलं आणि माझ्या कॉम्प्युटरवर घातलं. मी ते घालू दिलं. इतकी माझी गोष्ट मला आवडली होती.

साहेबांना हायसं वाटलं. साळ्याचा प्रश्न सुटला, कोपरा दुमडल्याचा आरोप टळला, आणि दोष सूर्याचा. पण ते सरकारी माणूस. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो माझ्या हिशोबात नव्हता.

"मग हे सुरुवातीपासूनच तापलेलं असणार. छपन्न तर सव्विसाव्यालाच दुसऱ्यांदा आला."

"असेल."

"म्हणजे आतापर्यंतची सगळीच यादी बिघडलेली?"

अकरावा नंबर माझ्या डोळ्यांसमोर होता, जळक्या कडेच्या पानासकट. नाही साहेब, सगळी नाही, असं म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, हे तुम्ही कशावरून म्हणता. आणि त्याचं उत्तर एकच होतं.

"सगळीच," मी म्हणालो.

साहेबांनी माइक घेतला. पहिली सोडत रद्द. मशीन थंड करून पुन्हा काढणार, सगळ्यांच्या समोर, चारशे बाराच्या चारशे बारांतून.

चौतीस माणसांच्या घरचं तळं एका वाक्यात बुजलं. त्यातले काही ओरडले, पण बाकीचे पावणेचारशे खूश होते. त्यांना दुसरी संधी मिळाली होती. गर्दीत खूश माणसांचा आवाज मोठा असतो. एक म्हातारा सरपंच उठून म्हणाला, "पन औंदा हंडा हालवजा बरं! हालवल्याबिगर चिठ्ठी काढाची नाही, तशी रीत नाही आपली." मी म्हणालो, हलवतो.

गोणपाट काढून मी एक ओळ बदलली. चॉइस खोडलं, 'सॅम्पल' लिहिलं. सॅम्पलला यादी द्यायची आणि किती हवे ते सांगायचं. ते एकदम तितके काढून देतं, आणि एकदा उचललेली जागा पुन्हा उचलत नाही. एवढंच. चौदा अक्षरंसुद्धा बदलली नसतील. फक्त यादीतच एखादा नंबर दोनदा लिहिलेला असला तर सॅम्पल काही करू शकत नाही, त्याला जागा कळते, माणूस कळत नाही. म्हणून मी एक ते चारशे बारा सगळे एकेकदाच आहेत ना तेही पाहिलं. मघाशी जे अक्कल गहाण ठेवून केलं होतं, ते आता फार काळजीने केलं. काळजी अशी उशिरा येते आणि आली की पाय पसरून बसते.

सरपंचाच्या समाधानासाठी आधी यादी 'शफल' केली. शफल म्हणजे पत्ते पिसणं. सॅम्पलला त्याची गरज नव्हती, पण रीत ती रीत. मग चाळीस नंबर एकाच वेळी पडद्यावर आले.

मी अठ्ठ्याण्णव शोधला. वरून खाली, खालून वर. मग कारकुनाने मोठ्याने वाचला तेव्हा पुन्हा कान लावला, जणू त्याच्या तोंडून वेगळा निघेल. पहिल्या चौतिसांपैकी तिघे परत आले होते. छपन्नचा माणूस आला नाही. उपसरपंचाचा साळा आला. यावर सभागृहात जे बोललं गेलं ते इथे छापता येणार नाही, पण ती सोडत अगदी चोख होती, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला त्या दिवसापासून कोणी विचारत नाही, ते सोडा.

उरलेल्या तीनशे बहात्तरांची प्रतीक्षा यादी करायची होती. कोणाचं तळं रद्द झालं तर क्रमाने पुढच्याला. त्यासाठी उरलेल्यांना पिसायचं आणि येईल तो क्रम धरायचा. तिथे मी घाईत शफलने काय दिलं तेच छापायला सांगितलं, आणि पडद्यावर एकच शब्द आला : None.

"हा नन कोन्या गावचा बे?" खुर्चीवाला गडी.

"हाही साळाच असन!"

हॉल हसला. मीही हसलो, कारण हसण्याची माझी सवय आहे. खरं असं की शफल यादी जागच्या जागी पिसतं आणि स्वतः हातात काहीच देत नाही. छापायचं असतं ते यादीला, शफलला नाही. मी यादी छापली. अठ्ठ्याण्णव दोनशे अठराव्या जागी होता. मागच्या साली प्रतीक्षा यादी एकोणिसाव्या माणसापर्यंत गेली होती. कारकुनाने ते मला न विचारता सांगितलं.

तेवढ्यात चाचा दारात आले. हातात कागदाचा मोठा पुडा, तळ तेलाने पारदर्शक झालेला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिल्या रांगेपासून जिलबी वाटायला सुरुवात केली. लोक चाचांकडे न बघता घेत गेले. माझ्यापर्यंत येऊन ते थांबले, तेव्हा शेजारच्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना आकडे वाचता येत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गरम झालं होतं का जी मशीन?"

"हो चाचा."

"गर्मी तर हाय," ते म्हणाले, आणि पुडा माझ्यापुढे धरला. मी एक घेतली. ती मी खाल्ली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतरची वर्षं मी ही गोष्ट अकोल्यात, अमरावतीत, गाडीत, पानठेल्यावर किती वेळा सांगितली असेल! ओलं गोणपाट, तव्यासारखा तापलेला डबा, नन कोणत्या गावचा. लोक पोट धरून हसायचे. सांगताना प्रत्येक वेळी पारा एकेक अंशाने वाढत गेला. शेवटी तो एकोणपन्नासावर पोहोचला होता. चाचा त्या गोष्टीत कधीच नव्हते.

पुढच्या साली जूनच्या सुरुवातीला नव्या सोडतीसाठी साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. सॅम्पल होतं, पंधरा मिनिटांत सगळं उरकलं, कोणी खुर्चीवर चढलं नाही. चाचा कुठे दिसले नाहीत. यादीतही त्यांच्या गावचा एकच अर्ज होता, तो दुसऱ्या कोणाचा. मी विचारत विचारत त्यांच्या शेतावर गेलो.

शेताची माती पांढुरकी झाली होती, वर मिठाचा पापुद्रा आलेला, पाय टाकला की पापडासारखा मोडायचा. तीनशे खुंट रांगेने उभे होते, वीतभर उंच, सुतळी धरून लावल्यासारखे. इथं मला वाढवून सांगायला काहीच नव्हतं. कडेला तोडलेल्या फांद्यांची मोळी बांधून ठेवलेली. चाचा एका खुंटाच्या बुडाशी कुदळ घालत होते. त्यांची घरवाली बांधावर आडवी पडून होती, कंबरेखाली उशीसारखं पोतं.

"औंदा अर्ज नाही केला चाचा?"

"तळं कायले पाह्यजे आता? पाजाले काय हाय?" त्यांनी कुदळ थांबवली नाही. "एप्रिलात नळ पंधरा दिवस आला नाही. बोअरचं पाजलं मंग. मले मालूम होतं काय होईन ते. पन तहानलेल्या झाडाकडे पाह्यवत नाही."

मी बांधावर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, काही न वाढवता. मशीन तापलं नव्हतं. मी चिठ्ठी परत हंड्यात टाकत होतो. तुमचा अकरावा नंबर खरा होता, पक्का होता, तो कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. दुबार आलेले दोन सोडून फक्त सहा जागा पुन्हा काढायच्या होत्या. मला ते तिथंच, तेव्हाच माहीत होतं. साहेबांनी मला विचारलंसुद्धा होतं. आता मी साहेबांना लिहून देतो, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो.

चाचांनी खुंट हलवून पाहिला. तो निघाला नाही. त्यांनी कुदळ दुसऱ्या बाजूने घातली.

"तवा सांगाचं होतं, मास्तर," ते म्हणाले.